दहा हजार स्त्रियांमागे किती?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना मी दरवर्षी एक संशोधन-सारांश सोप्या मराठीत लिहायला देते. संशोधन आणि संख्याशास्त्र हे विषय त्यांना पुढच्या वर्षांत येतात, त्यामुळे या वयात हा सोस कशासाठी, असे सहकारी विचारतात. माझे उत्तर असे, की संख्याशास्त्र शिकण्याआधी 'किती जणींपैकी किती' हे मराठीत धड सांगता आले पाहिजे, नाहीतर पुढे सूत्रे पाठ होतात आणि अर्थ निसटतो. सारांश मात्र मी नेहमी एकच देते. तो २००९ च्या एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला, आणि त्यातली ट्रायल आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. प्रश्न साधा होता: गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी खेड्यातल्या बाईची आयुष्यात एकदाच तपासणी झाली, तर त्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होतात का? ज्याला आमच्या मुलींच्या घरी 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात, त्याबद्दल हे आहे असे कळले की वर्गातली अर्धी भीती तिथेच जाते.

उरलेली अर्धी भीती सारांशाच्या बांधणीमुळे असते. जेमतेम अडीचशे शब्दांत सगळी ट्रायल बसवायची असल्याने एकेका वाक्यावर चार-चार वाक्यांचे ओझे येते. निकालाचे पहिले वाक्य जसेच्या तसे मराठीत आणले, तर ते साधारण असे दिसते:

"एचपीव्ही चाचणी गटात १२७ व्यक्तींमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले (त्यांपैकी ३९ दुसऱ्या किंवा त्यापुढील टप्प्यातील), त्या तुलनेत नियंत्रण गटात ११८ व्यक्तींमध्ये (त्यांपैकी ८२ प्रगत अवस्थेतील), प्रगत कर्करोग आढळण्याचे धोका-गुणोत्तर ०.४७, ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.३२ ते ०.६९."

हे वाक्य मराठी आहे, व्याकरणाने निर्दोष आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलीला त्यातून काहीही कळत नाही. शब्द बदलून ते सोपे होत नाही, हे मुलींना पहिल्या तासात उमगते. 'नियंत्रण गट' याऐवजी 'तुलनेचा गट' लिहिले, 'प्रगत' ऐवजी 'वाढलेला' लिहिले, तरी वाक्य तितकेच बंद राहते. ते उघडायचे तर त्याच्या मागे जाऊन स्त्रिया कोण होत्या, त्यांच्यासाठी काय केले गेले, कोणाची कोणाशी तुलना झाली आणि मोजले काय, हे त्याच क्रमाने सांगावे लागते. म्हणून आम्ही निकालाला हात लावण्याआधी गावांपासून सुरुवात करतो.

ट्रायल १९९९ मध्ये सुरू झाली. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह केले गेले आणि त्या समूहांत ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया होत्या. हे ५२ समूह चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गटांत विभागले; प्रत्येक गटाच्या वाट्याला १३ समूह आले. पहिल्या गटातल्या स्त्रियांसाठी एचपीव्ही चाचणी होती, म्हणजे गर्भाशयमुखावरून घेतलेल्या नमुन्यात त्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूचा शोध. दुसऱ्या गटासाठी पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तिसऱ्या गटासाठी व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून थोड्या वेळात पांढरा डाग उमटतो का हे नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटाला यातले काही नव्हते.

इथे बहुतेक मुली लिहितात, "प्रत्येक स्त्रीची चिठ्ठी टाकून निवड केली." चिठ्ठी स्त्रीची नव्हती, गावसमूहाची होती. हा फरक किरकोळ वाटतो, पण व्यवहाराच्या आणि हिशेबाच्या अशा दोन्ही बाजूंनी तो महत्त्वाचा आहे. व्यवहाराची बाजू मुलींना लगेच पटते: एका वाड्यातल्या दोन जावांपैकी एकीला तपासणीला बोलवायचे आणि दुसरीला नाही, हे गावात चालणार नाही, आणि चाललेच, तरी पहिलीने ऐकलेली माहिती दुसरीपर्यंत संध्याकाळच्या आत पोहोचेल, मग दोघींमध्ये तुलना करायला काय उरेल? हिशेबाची बाजू जरा सावकाश सांगावी लागते. एका गावातल्या स्त्रिया बऱ्याच बाबतींत एकमेकींसारख्या असतात. लग्नाचे वय, बाळंतपणांची संख्या, दवाखान्यापासूनचे अंतर, सगळे मिळतेजुळते. म्हणून कागदावर सव्वा लाखाहून अधिक स्त्रिया असल्या, तरी प्रत्यक्षात तुलना १३ समूहांची १३ समूहांशी आहे, आणि उत्तरातली अनिश्चितता स्त्रियांच्या आकड्यावरून वाटते त्यापेक्षा जास्त आहे. पुढे जो 'विश्वास-अंतराल' येतो, तो इतका ऐसपैस का, याचे एक कारण इथे आहे. पहिल्या वर्षाच्या मुलीला एवढे पुरे. मात्र तिच्या वाक्यात "गावांचे समूह चिठ्ठी टाकल्यासारखे वाटले" असेच आले पाहिजे.

यानंतरची अडचण अधिक फसवी आहे, कारण ती सारांशाच्या शब्दांत दिसतच नाही. सारांश सांगतो की एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. मुली सरळ लिहितात, "३४,१२६ स्त्रियांची एचपीव्ही चाचणी केली." वाक्य किती स्वच्छ आहे! पण या ३४,१२६ स्त्रिया त्या गावांत राहणाऱ्या, चाचणीसाठी ठरवलेल्या स्त्रिया आहेत. त्यांच्यापैकी साधारण पाचांतल्या चौघी आल्या आणि एक आली नाही. कोणी शेतावर गेली असेल, कोणाला घरून सोडले नसेल, कोणाला लाज वाटली असेल. तरीही हिशेबात त्या सगळ्या धरल्या गेल्या, आणि न आलेल्या बाईला पुढे कर्करोग झाला, तर तोही एचपीव्ही गटाच्याच खात्यावर मांडला गेला.

वर्गात यावर दरवर्षी वाद होतो. "जिची चाचणीच झाली नाही, तिचा आजार चाचणीच्या नावावर का लावायचा, मॅडम?" असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. मी त्यांना उलट विचारते, की तपासणीच्या शिबिराला कोण येते आणि कोण येत नाही? मुली स्वतःच सांगू लागतात: ज्या बऱ्यापैकी सुटवंग असतात, चार यत्ता शिकलेल्या असतात, तब्येतीची काळजी घेतात, त्या येतात. म्हणजे येणाऱ्या स्त्रिया मुळातच वेगळ्या. फक्त आलेल्यांना मोजले, तर चाचणीचा गुण कोणता आणि त्या बायकांच्या परिस्थितीचा गुण कोणता, हे वेगळे काढता येणार नाही. शिवाय जिल्ह्यात असा कार्यक्रम राबवायचा ठरवला, तर काहीजणी येणार नाहीतच. तेव्हा न आलेल्यांसकट हिशेब केला की कार्यक्रमाचा खरा परिणाम कळतो. म्हणून आमच्या सोप्या मजकुरात "चाचणी केलेल्या" असे न येता "चाचणीसाठी ठरवलेल्या गटातल्या" असे येते. वाक्य थोडे अवजड होते, पण इथे मी सोपेपणाला माघार घ्यायला लावते.

चौथ्या गटाबद्दल सारांश दोनच शब्द खर्च करतो: त्यांना 'नेहमीची सेवा' मिळाली. मुलींना वाटते, सेवा म्हणजे काहीतरी उपचार असणार. त्या काळात त्या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कोणतीही नियमित तपासणी अस्तित्वात नव्हती, त्यामुळे नेहमीची सेवा म्हणजे प्रत्यक्षात आजाराविषयी माहिती आणि तपासणी कुठे होऊ शकते याचा सल्ला. सोप्या मजकुरात हे उघड लिहावे लागते. उघड लिहिले की वर्ग गप्प होतो, कारण आता पुढे येणारे मृत्यू कोणत्या गटातले आहेत हे दिसू लागते. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडिगल येथल्या अशा ट्रायल्समध्ये तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवणे नैतिक होते का, यावर पुढे जाणकारांमध्ये कडाक्याचा वाद झाला. करणाऱ्यांची बाजू अशी की तिथे तपासणी नव्हतीच, त्यामुळे कोणाकडून काही काढून घेतले नाही. आक्षेप घेणाऱ्यांची बाजू अशी की पॅप स्मिअर उपयोगी आहे हे जगाला आधीपासून ठाऊक होते. माझे मन आक्षेपाकडे झुकते, पण हे मत मी मुलींच्या मजकुरात घालू देत नाही. मजकुरात एवढेच यावे की त्या गटाला काय मिळाले आणि काय नाही. मग वाचणारी काय ते ठरवील.

आता निकालाकडे. १२७ आणि ११८ हे आकडे फळ्यावर लिहिले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: चाचणी केली तिथे कर्करोग जास्त झाला! एका वर्षी एका मुलीने तर सोप्या मराठीत तसेच लिहून आणले, आणि तिच्या वाक्यात व्याकरणाचीही चूक नव्हती. सारांशातला सगळ्यात गोंधळात टाकणारा भाग हाच आहे, आणि तो सुटला की बाकीचे आपोआप सुटते, म्हणून मी इथे एक पूर्ण तास घालवते.

पहिली गोष्ट अशी की दोन्ही गट सारखे मोठे नाहीत. एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रिया आहेत आणि तुलनेच्या गटात ३१,४८८. मोठ्या गटात आकडा थोडा मोठा येणारच. म्हणून दोन्ही आकडे दहा हजार स्त्रियांमागे करून घ्यायचे. शंभरामागे काढले तर उत्तर पाव-अर्धा टक्का असे येते, आणि पाव बाई कोणाच्या डोळ्यांसमोर उभी राहत नाही. दहा हजारांमागे काढले की पूर्ण आकडे मिळतात. दहा हजार स्त्रिया म्हणजे साधारण कोणत्या वस्तीतल्या, हे या मुली आपल्या तालुक्यावरून सांगू शकतात. मग १२७ ला ३४,१२६ ने भागून दहा हजारांनी गुणले की येतात ३७. आणि ११८ ला ३१,४८८ ने भागून दहा हजारांनी गुणले की येतात तेही ३७. जास्त नाही, कमीही नाही.

आता मुलींचा भ्रमनिरास उलट्या बाजूने होतो: मग चाचणीचा उपयोग काय? इथे कंसातले आकडे बाहेर काढायचे. ३९ आणि ८२. दुसऱ्या किंवा पुढच्या टप्प्यातला कर्करोग म्हणजे गर्भाशयाच्या बाहेर पसरू लागलेला कर्करोग. दहा हजारांमागे काढले, तर एचपीव्ही गटात असे ११ आणि तुलनेच्या गटात २६. ही वजाबाकी मी मुलींनाच करायला लावते. ३७ मधून ११ गेले की एचपीव्ही गटात उरतात २६. ३७ मधून २६ गेले की तुलनेच्या गटात उरतात ११. आकडे जागा बदलून समोर येतात. कर्करोग सापडलेल्या स्त्रिया दोन्हीकडे सारख्याच, पण एकीकडे बहुतेकजणी पसरण्याआधी सापडल्या आणि दुसरीकडे बहुतेकजणी पसरल्यावर.

एकूण आकडा सारखा का राहिला, हेही समजावून सांगावे लागते. चाचणी सुरू झाली तेव्हा काही स्त्रियांना कर्करोग आधीच झालेला होता, फक्त लक्षणे नव्हती. त्यांपैकी बरेचसे तपासणीतच बाहेर आले आणि आकडा फुगला. दुसरीकडे काहीजणींमध्ये कर्करोगाच्या आधीची अवस्था सापडली, तिच्यावर उपचार झाले आणि त्यांना कर्करोग झालाच नाही, त्यामुळे पुढच्या वर्षांत आकडा घटला. या दोन्ही गोष्टी आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एकत्र मोजल्या गेल्या. तपासणीचा कोणताही कार्यक्रम सुरू झाला की आरंभी रोग 'वाढल्यासारखा' दिसतो, हे ज्या परिचारिकेला ठाऊक आहे, ती उद्या आपल्या उपकेंद्रात असा आलेख पाहून घाबरणार नाही.

इथे एका मोहाला आवर घालावा लागतो. उरलेल्या २६ आणि ११ बद्दल मुली लगेच "पहिल्या टप्प्यातला" असे लिहितात. सारांश फक्त एवढे सांगतो की कितीजणी दुसऱ्या किंवा पुढच्या टप्प्यात होत्या. उरलेल्यांना आपण होऊन टप्पा द्यायचा नाही. 'उरलेल्या' एवढेच लिहायचे. सोपे करताना रिकामी जागा भरून टाकण्याची सवय लागते आणि भरलेली जागा वाचणाऱ्याला ओळखू येत नाही, ही या कामातली खरी जोखीम आहे.

मृत्यूंचे आकडे याच रीतीने सरळ जातात. एचपीव्ही गटात ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. दहा हजारांमागे १० आणि २०. आकडे इतके गोल येतात की मुली संशयाने पुन्हा भागाकार करून पाहतात. पण सारांशात '१० आणि २०' असे कुठेच नाही. तिथे धोका-गुणोत्तर, म्हणजे एचपीव्ही गटातला धोका तुलनेच्या गटातल्या धोक्याच्या किती पट, ते ०.५२ असे आहे. दहाला विसाने भागले तर ०.५० येते, मग हे ०.५२ कुठून आले? आमच्या भागाकारात प्रत्येक स्त्री सारखाच काळ देखरेखीखाली होती असे गृहीत धरले आहे. संशोधकांनी कोणती स्त्री किती काळ देखरेखीखाली होती हे आणि इतर बाबी हिशेबात घेतल्या, म्हणून त्यांचा आकडा थोडा वेगळा आणि अधिक भरवशाचा आहे. सोप्या मजकुरात आम्ही "जवळपास निम्मे" असे लिहितो, ज्यात दोन्ही आकडे बसतात.

'निम्मे' हा शब्द मात्र एकटा सोडायचा नाही. मृत्यू निम्मे झाले, हे खरे. दर दहा हजार स्त्रियांमागे दहा मृत्यू कमी झाले, म्हणजे एक हजार स्त्रियांच्या गटाला चाचणी देऊ केल्यावर त्या काळात एक मृत्यू टळला, हेही तितकेच खरे. पहिले वाक्य वाचून वाटते की प्रत्येक दुसरी बाई वाचली. दुसरे वाचून वाटते, एवढा खटाटोप एका जिवासाठी? दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय वाचणारीला खरे माप मिळत नाही. वर्तमानपत्रे पहिले छापतात आणि खर्चाची चिंता वाहणारे अधिकारी दुसरे बोलून दाखवतात, हे मी वर्गात मुद्दाम सांगते.

मग राहतो तो विश्वास-अंतराल, ०.३३ ते ०.८३. याची काटेकोर व्याख्या पहिल्या वर्षात सांगण्यात अर्थ नाही. मी एवढेच सांगते, की हीच ट्रायल दुसऱ्या ५२ गावसमूहांत केली असती तर उत्तर नेमके ०.५२ आले नसते, थोडे इकडे-तिकडे झाले असते. हाती आलेल्या माहितीशी कोणकोणती उत्तरे जुळतात, त्याचा हा पल्ला आहे. ०.३३ म्हणजे मृत्यू ६७ टक्क्यांनी कमी, ०.८३ म्हणजे १७ टक्क्यांनी कमी. पल्ला मोठा आहे, पण त्याची दोन्ही टोके एकच्या खाली आहेत, आणि एक म्हणजे काहीच फरक नाही. म्हणून सोपे वाक्य असे होते: "घट नेमकी किती याबद्दल अनिश्चितता आहे, ती सहाव्या हिश्शाइतकी लहान किंवा दोन-तृतीयांशाइतकी मोठीही असू शकते, पण घट झाली याबद्दल फारशी शंका नाही."

याच मापाने पुढचे वाक्य वाचायचे. पॅप स्मिअर आणि व्हीआयए या गटांत लक्षणीय घट दिसली नाही, असे सारांश सांगतो. मुली लिहितात, "पॅप स्मिअर आणि व्हीआयएचा उपयोग नाही." लेखाच्या आतल्या तक्त्यात पाहिले, तर या दोन्ही गटांतले मृत्यूंचे गुणोत्तर एकच्या किंचित खाली आहे, पण पल्ला एकच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. म्हणजे या ट्रायलवरून उपयोग आहे असेही सिद्ध होत नाही आणि उपयोग नाही असेही होत नाही. शिवाय ही एकाच फेरीची तपासणी होती. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्राने दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या दुसऱ्या ट्रायलमध्ये प्रशिक्षित आरोग्य-सेविकांनी दोन-दोन वर्षांच्या अंतराने व्हीआयएच्या चार फेऱ्या केल्या, आणि २०१४ मध्ये छापलेल्या निकालात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. ज्या मुलीने "उपयोग नाही" असे लिहून ठेवले, ती उद्या व्हीआयए शिबिरात काम करताना मनातून अर्धवटच करील. मात्र मुंबईचा निकाल उस्मानाबादच्या मजकुरात मिसळायचा नाही. तो वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या नावाने सांगायचा. मजकुरात यायचे ते "या ट्रायलमध्ये स्पष्ट घट दिसून आली नाही" एवढेच.

एक गोष्ट मात्र मी मूळ सारांशाबाहेर जाऊन, त्याच लेखाच्या आतल्या भागातून घेऊ देते. सारांश वाचून वाटते की चाचणीने मृत्यू कमी केले. नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवला, एवढ्याने कोणाचा जीव वाचत नाही. ज्यांच्यात दोष आढळला त्यांना बोलावून कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी केली गेली, गरजेनुसार तुकडा तपासायला पाठवला, कर्करोगाच्या आधीची अवस्था असेल तर ती गोठवून किंवा विजेच्या तारेने तेवढा भाग काढून संपवली, आणि कर्करोग असेल तर रुग्णालयात शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार केले. ही साखळी एका वाक्यात आली नाही, तर उरलेला सगळा मजकूर बरोबर असूनही शिकणारीला चुकीचे शिकवील, कारण निकाल घेऊन बाईच्या दारात दुसऱ्यांदा जाण्याचे काम पुढे तिच्याकडेच येणार आहे.

इतक्या खटाटोपानंतर वर्गाने मिळून तयार केलेला मजकूर साधारण असा असतो:

"मराठवाड्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ मध्ये एक ट्रायल सुरू झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी स्त्रियांची एकदाच तपासणी केली, तर त्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होतात का, हे त्यातून पाहायचे होते. गावांचे ५२ समूह चिठ्ठी टाकल्यासारखे चार गटांत वाटले. या गावांत ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया होत्या. एका गटासाठी एचपीव्ही चाचणी, एकासाठी पॅप स्मिअर आणि एकासाठी व्हीआयए ठरवली. चौथ्या गटाला तपासणी दिली नाही. फक्त आजाराची माहिती आणि सल्ला दिला. तपासणीत दोष आढळलेल्या स्त्रियांची पुढची तपासणी आणि उपचार केले. गटातल्या सगळ्या स्त्रिया हिशेबात धरल्या, तपासणीला न आलेल्यासुद्धा. एचपीव्ही गटात आणि तपासणी न दिलेल्या गटात दर दहा हजार स्त्रियांमागे सारख्याच, म्हणजे सुमारे ३७ जणींना कर्करोग असल्याचे आढळले. पण दुसऱ्या किंवा पुढच्या टप्प्यातला कर्करोग एचपीव्ही गटात ११ जणींना होता, आणि तपासणी न दिलेल्या गटात २६ जणींना. या कर्करोगाने एचपीव्ही गटात दर दहा हजारांत १० स्त्रिया मरण पावल्या, आणि तपासणी न दिलेल्या गटात २०. घट नेमकी किती याबद्दल अनिश्चितता आहे, पण घट झाली याबद्दल फारशी शंका नाही. पॅप स्मिअर आणि व्हीआयए गटांत या ट्रायलमध्ये स्पष्ट घट दिसून आली नाही. तपासणी झालेल्या दर हजार स्त्रियांपैकी सुमारे एकीला किरकोळ त्रास झाला."

शेवटच्या वाक्यात 'पैकी' बदलला आहे, हे हुशार मुलींच्या ध्यानात येते. त्रासाचे प्रमाण सारांशाने तपासणी झालेल्या स्त्रियांमधून काढले आहे, गटातल्या सगळ्यांमधून नाही, कारण जी आलीच नाही तिला नमुना घेताना त्रास होण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून आदल्या वाक्यांतल्या दहा हजार स्त्रिया आणि या वाक्यातल्या हजार स्त्रिया एकाच माळेत ओवता येत नाहीत, आणि कोणी "सोयीसाठी तेही दहा हजारांमागे करू या" म्हणाले, तर आकडा दहा करता येतो, पण 'तपासणी झालेल्या' हे दोन शब्द काढता येत नाहीत.